स्टेटस ‘DEEMED’, पैसे कापले, समोरच्याला मिळाले नाहीत: स्क्रीनशॉट कसा वाचायचा

प्रश्न: काल रात्री 9.42 ला घरभाड्याचे 18,000 रुपये घरमालक काकांच्या यूपीआय आयडीवर पाठवले. अ‍ॅपवर नारिंगी रंगात Status: DEEMED असं आलं, खाली बारा आकडी नंबर. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज लगेच आला. काका म्हणतात माझ्याकडे काहीच आलेलं नाही. स्क्रीनशॉट आणि मेसेज दोन्ही जोडलेत. पैसे अडकले की गेले? आज संध्याकाळपर्यंत भाडं हवंय म्हणतात, परत पाठवू का?

उत्तर:

परत पाठवू नका, निदान उद्या सकाळपर्यंत तरी नाही. पैसे बुडालेले नाहीत. स्क्रीनशॉटवरून दिसतंय ते असं: तुमच्या बँकेने आपलं काम पूर्ण केलं, काकांच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगितलं गेलं, आणि तिच्याकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. रक्कम जमा झाली की नाही हे मात्र या स्क्रीनवरून कळत नाही, आणि काकांनी मेसेज आला नाही म्हणून पैसे आले नाहीत असं धरलं असेल, तर तेही अजून सिद्ध झालेलं नाही.

बँकेत माझं रोजचं काम रिकन्सिलिएशनचं, म्हणजे दोन बाजूंचे हिशेब जुळवण्याचं. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली आहे. अशा स्क्रीनवर लाल, नारिंगी, हिरवं काय आहे आणि वाक्य किती गोड आहे याला फार किंमत देऊ नये. ‘व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे वाक्य अ‍ॅप बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि दहा वेगवेगळ्या कारणांना तेच एक लावलेलं असतं. बघायचं ते एवढंच की साखळीतला कोण गप्प बसला किंवा कोणी नाही म्हटलं.

साखळी अशी असते. तुम्ही पिन टाकता, तुमचं अ‍ॅप ती विनंती एनपीसीआयच्या यूपीआय यंत्रणेकडे पाठवतं. ती यंत्रणा आधी तुमच्या बँकेला सांगते, एवढे कापा. तुमची बँक ‘कापले’ म्हणाली की मग काकांच्या बँकेला सांगते, एवढे जमा करा. ती ‘केले’ म्हणाली की तुम्हाला हिरवी टिक दिसते. प्रत्येक टप्प्यावर वाट बघायची मुदत ठरलेली आहे. पूर्वी ती 30 सेकंदांची होती, 16 जून 2025 पासून पैसे पाठवण्याच्या व्यवहाराला 15 सेकंद केली. म्हणजे बँकेचा संगणक सोळाव्या सेकंदाला ‘केले’ म्हणाला, तरी यंत्रणेच्या लेखी तो गप्पच बसला.

आता गप्प कोण बसला यावर सगळं ठरतं. पैसे कापण्याच्या टप्प्यावर तुमची बँक गप्प बसली, तर यंत्रणा व्यवहार रद्द समजते आणि तुमच्या बँकेला कळवते की कापले असतील तर परत टाका. त्या वेळी स्क्रीनवर FAILED दिसतं, कोड दिसला तर बहुधा U67. पैसे कापले गेले असतील तर ते बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा काही तासांत परत दिसतात.

तुमच्या बाबतीत मात्र पुढच्या टप्प्यावर काकांची बँक गप्प बसली आहे. इथे यंत्रणा व्यवहार रद्द करत नाही, करू शकत नाही. कारण त्या बँकेने रक्कम खात्यात टाकलीही असेल, फक्त तिचं उत्तर यायचं राहिलं असेल. अशा वेळी तुम्हाला पैसे परत दिले तर काकांकडेही 18,000 आणि तुमच्याकडेही 18,000. म्हणून असा व्यवहार ‘झाला असं धरून’ पुढे नेला जातो, आणि स्क्रीनवर DEEMED उमटतं. बरीच अ‍ॅपं हा शब्द दाखवत नाहीत, नुसतं Pending किंवा Processing लिहितात, पण अर्थ तोच. कोड दाखवणारं अ‍ॅप असेल तर U68 किंवा BT दिसेल. दोन्हींचा रोख समोरच्या बँकेकडून वेळेत उत्तर न आल्याकडेच.

मनीऑर्डर घरी पोचली पण सहीची पोच परत आली नाही, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ‘झाला असं धरणं’ नुसतं कागदावर राहत नाही. बँकाबँकांमधला यूपीआयचा हिशेब दिवसातून अनेक वेळा मिटवला जातो, आणि त्यात असे व्यवहार यशस्वी म्हणूनच मोजले जातात. म्हणजे तुमच्या बँकेकडून 18,000 निघून काकांच्या बँकेच्या खात्यावर चढलेले असतात. काकांच्या खात्यात ते दिसत नसतील, तर ते काकांच्याच बँकेकडे पडून आहेत. आता ते शोधून काढण्याची जबाबदारी त्या बँकेची. ती आपल्या नोंदी एनपीसीआयच्या फाइलशी ताडून बघते आणि दोहोंपैकी एक करते. रक्कम खात्यात आहे किंवा आता टाकली, असं कळवते. याला आम्ही टीसीसी म्हणतो, आणि त्यातही 102 म्हणजे त्याच वेळी जमा झाली होती, 103 म्हणजे हिशेब जुळवल्यावर मागाहून जमा केली. किंवा खातं बंद आहे, गोठवलेलं आहे, जमा करता येत नाही असं दिसलं तर ती रक्कम परत फिरवते, त्याला रिटर्न म्हणतात. तुमच्या बँकेच्या हेल्पलाइनवरचा माणूस ‘टीसीसी लागलाय’ म्हणाला, तर पैसे पोचल्याचं समोरच्या बँकेने लेखी कळवलंय असा त्याचा अर्थ.

आता तुमच्या स्क्रीनशॉटमधला सगळ्यात कामाचा भाग, तो बारा आकडी नंबर. त्याला कुठे UPI Ref No, कुठे UTR, कुठे RRN म्हणतात. अ‍ॅपवर त्याच्याखाली अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक आयडी असते, बरेच जण तीच लिहून आणतात. ती अ‍ॅपच्या कामाची आहे, बँकेत शोधायला बारा आकडीच लागतो. तुम्ही पाठवलेला बँकेचा मेसेज आणि स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून बघा:

```
A/c XX4521 debited Rs.18000.00 on 03-10-25 UPI Ref 527612345678
```

स्क्रीनशॉटवरचा आकडाही हाच आहे. हे जुळणं महत्त्वाचं, कारण कधी कधी माणूस घाईत दोनदा प्रयत्न करतो, मेसेज पहिल्या प्रयत्नाचा असतो आणि स्क्रीनशॉट दुसऱ्याचा. मग वाद सुरू होतो तो भलत्याच व्यवहारावरून. शिवाय या नंबरात बहुतेक वेळा तारीख दडलेली असते. पहिला आकडा 5, म्हणजे 2025. पुढचे तीन 276, म्हणजे वर्षाचा 276वा दिवस. सप्टेंबर संपेपर्यंत 273 दिवस होतात, तेव्हा 276वा म्हणजे 3 ऑक्टोबर. सगळ्या बँका ही पद्धत पाळतातच असं नाही, त्यामुळे जुळलं नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नका. पण कुणी ‘आजच पाठवलेत’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवला आणि नंबर महिन्यापूर्वीचा दिवस सांगत असेल, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत.

मेसेज कुणाकडून आलाय तेही बघून घ्या. बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरी नाव असतं आणि आता त्याच्या शेवटी -S किंवा -T असं अक्षर लागलेलं दिसतं. तुमच्या मेसेजला ते आहे, म्हणजे पैसे खरोखर कापले गेलेत. तरी एकदा खात्याचं स्टेटमेंट उघडून 18,000 ची नावे, म्हणजे पैसे कापल्याची, नोंद स्वतः बघा. मेसेज ही सूचना असते, स्टेटमेंट ही नोंद असते, आणि तक्रारीत नोंदच चालते.

आता काकांकडे. त्यांना ‘पैसे आले का’ असं विचारू नका. ‘या यूपीआय आयडीला तुमचं कोणतं खातं जोडलेलं आहे’ हे विचारा. माझ्याकडे ‘पोचले नाहीत’ म्हणून आलेल्या तक्रारींत मोठा वाटा अशांचा असतो की पैसे पोचलेत, पण माणूस भलत्याच खात्यात बघतोय. पेन्शन एका बँकेत, बचत सहकारी बँकेत, आणि मुलाने फोनवर यूपीआय जोडून दिलेलं तिसऱ्याच खात्याला. मेसेजही ज्या नंबरवर येतो तो नंबर कधी घरात दुसऱ्याच कुणाकडे असतो. काकांना म्हणावं, त्या खात्याचं कालच्या तारखेचं स्टेटमेंट काढा आणि त्यात शेवटी 345678 असलेली जमा नोंद शोधा. नुसती रक्कम बघून चालणार नाही. तीन तारखेच्या आसपास त्यांच्याकडे दुसऱ्या भाडेकरूचेही 18,000 येत असतील.

खातं सहकारी बँकेत असेल तर आणखी एक शक्यता. लहान सहकारी बँका बऱ्याचदा यूपीआयला थेट जोडलेल्या नसतात. एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने जोडलेल्या असतात, म्हणजे साखळीत एक कडी वाढते आणि पंधरा सेकंद तिथे कमी पडू शकतात. त्यात रात्री दिवसअखेरीचं काम चालू असलं की मूळ संगणक प्रणाली काही काळ जमा-नावे घेत नाही. अशा वेळी रक्कम दुसऱ्या दिवशी हिशेब जुळवताना पडते. म्हणूनच मी उद्या सकाळपर्यंत थांबा म्हणालो.

यामागे नियमही आहे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या, त्या 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहेत. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेली रक्कम कापली गेली आणि समोर जमा करता आली नाही, तर समोरच्या बँकेने ती जास्तीत जास्त T+1 दिवसापर्यंत आपणहून परत फिरवायची. T म्हणजे व्यवहाराची तारीख, आणि ती कॅलेंडरची तारीख. तुमचा T आहे 3 ऑक्टोबर, तेव्हा मुदत 4 ऑक्टोबरची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही मागण्याची वाट न बघता खात्यात टाकायची. समजा पैसे 9 तारखेला परत आले, तर 5 ते 9 असे पाच दिवस, 500 रुपये. व्यवहारात हे 100 रुपये आपोआप येतीलच याची खात्री मी देणार नाही, पण तारीख लिहून मागितले की बँकेला नाही म्हणणं जड जातं.

दुकानदाराला क्यूआर स्कॅन करून दिलेले पैसे असतील तर मुदत वेगळी, T+5. तिथे तुमच्या खात्यातून कापले गेले पण दुकानदाराकडे खात्री आली नाही, असा प्रकार असतो. बरेच जण किराणा दुकानातल्या अडकलेल्या पैशांसाठी दुसऱ्याच दिवशी बँकेवर चढून जातात आणि ‘पाच दिवस थांबा’ ऐकून चिडतात. त्या वेळी काउंटरवरचा माणूस टाळाटाळ करत नसतो. पण तुम्हालाही तो पाच दिवस सांगत असेल, तर त्याला हा दुकानाचा व्यवहार नाही हे दाखवून द्या.

उद्या सकाळीही काकांच्या स्टेटमेंटमध्ये नोंद नसेल आणि तुमच्याकडेही रक्कम परत आलेली नसेल, तर तक्रार करा. ज्या अ‍ॅपवरून पाठवले त्याच अ‍ॅपच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडा, तिथेच तक्रार नोंदवायचं बटण असतं. तिथून केलेली तक्रार थेट यूपीआयच्या तक्रार यंत्रणेत जाते आणि व्यवहाराची ताजी स्थिती तीच ओढून आणते. बऱ्याचदा या पायरीवरच ‘जमा झाले’ की ‘परत येत आहेत’ हे कळून जातं. हेल्पलाइनला फोन करून रडगाणं गाण्यापेक्षा हे लवकर होतं. लिहायचं थोडक्यात: ‘3 ऑक्टोबर 2025 रोजी रात्री 9.42 ला 18,000 रुपये, संदर्भ 527612345678, माझ्या खात्यातून नावे पडले, लाभार्थ्याच्या खात्यात जमा नाहीत, स्थिती DEEMED. T+1 मुदत 4 ऑक्टोबरला संपली. लाभार्थी बँकेकडून जमा झाल्याची खात्री घ्यावी किंवा रक्कम आणि भरपाई द्यावी.’ सोबत तुमच्या स्टेटमेंटचं ते पान आणि जमले तर काकांच्या त्या दिवसाच्या स्टेटमेंटचं पान जोडा. त्या दुसऱ्या पानाने फार फरक पडतो, कारण ‘जमा नाही’ याचा पुरावा तोच. अ‍ॅपकडून हललं नाही तर तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार, आणि तिने फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

काकांना आज संध्याकाळीच पैसे हवे असतील तर पुन्हा पाठवण्यातला धोका समजून घ्या. पहिले 18,000 उद्या जमा झाले तर काकांकडे 36,000 होतील. एकदा खात्यात जमा झालेली रक्कम बँक तुमच्या सांगण्यावरून काढून घेऊ शकत नाही, ती काकांनीच परत द्यावी लागते. घरमालकाशी संबंध चांगले असतील तर त्यांना हाच संदर्भ नंबर पाठवून एक दिवस मागून घ्या. नसतील आणि पाठवावेच लागले, तर ‘पहिली रक्कम जमा झाल्यास ती पुढच्या महिन्याचं भाडं धरावी’ एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मगच पाठवा.

स्क्रीनशॉटबद्दल एक तक्रार माझी तुमच्याकडे. तुम्ही काकांचा यूपीआय आयडी आणि तुमचा शिल्लक आकडा तसाच ठेवून पाठवलाय. यूपीआय आयडीत बहुतेकांचा मोबाइल नंबरच असतो. पुढच्या वेळी तो आणि शिल्लक झाका, संदर्भ नंबर, वेळ, रक्कम आणि स्टेटस तेवढं राहू द्या. असे स्क्रीनशॉट उघड्यावर टाकले की अर्ध्या तासात ‘बँकेच्या कस्टमर केअरमधून’ कुणीतरी संपर्क करतो, पैसे परत मिळवून देतो म्हणतो, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा पिन टाकायला लावतो. पैसे परत येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना. तसं कुणाच्या हाती काही गेलंच तर 1930 वर लगेच फोन करा, ती तक्रार वेगळी आणि तिथे तासातासाला किंमत असते.

जाता जाता, U30 विषयीही नेहमी विचारलं जातं. तो DEEMED चा भाऊ नाही. U30 एवढंच सांगतो की पैसे कापण्याचं काम झालं नाही. खरं कारण बँकेने दिलेल्या आतल्या कोडात असतं: Z9 असेल तर खात्यात पुरेशी रक्कम नाही, ZM असेल तर पिन चुकला. U30 दिसून पैसे कापल्याचा मेसेजही आला असेल, तर स्टेटमेंटवर परतीची नोंद पडली का तेवढं आधी बघायचं.

तुमच्याकडे उद्या 18,000 ची जमा नोंद दिसली आणि तिच्यापुढे हाच 527612345678 किंवा परतावा असा उल्लेख असला, तर तो रिटर्न आहे. मग काकांच्या खात्याला काही अडचण आहे का ते आधी विचारा आणि दुसऱ्या खात्याचा नंबर व आयएफएससी घेऊन तिकडे पाठवा. त्याच यूपीआय आयडीवर पुन्हा पाठवलेत तर तेच घडण्याची शक्यता मोठी.